काचेवरची बायोप्सी स्क्रीनवर नेताना: ठाण्यात बसून लांबच्या तज्ज्ञाचं मत कसं घ्यायचं

मी ठाण्यात हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे, आणि गेली काही वर्षं स्लाइड स्कॅनिंगचं काम माझ्याकडे आहे. वाशी, ऐरोली, कल्याण इथल्या छोट्या लॅबमधून आमच्याकडे स्लाइड येतात, आम्ही स्कॅन करतो आणि त्यांचे पॅथॉलॉजिस्ट ज्या तज्ज्ञाचं मत हवं असेल त्यांना दाखवतात. या कामात नवीन येणारी मुलंमुली मला सारखं विचारतात की नेमकं काय करायचं, कुठं चुकतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय. हा लेख टेक्निशियनसाठी आहे, आणि ज्या डॉक्टरांनी अजून हे केलेलं नाही त्यांच्यासाठीही.

आधी जुनी पद्धत आठवा. सेकंड ओपिनियन हवं असेल तर पेशंटचा मुलगा किंवा नवरा लॅबमधून काचा आणि मेणाचा ब्लॉक घेतो, प्लास्टिकच्या डबीत घालून लोकलने परळला टाटाला नाहीतर खारघरला ॲक्ट्रेकला जातो, रांग लावतो. गर्दीत काच फुटली तर तो कट गेला. आणि तज्ज्ञ बंगळुरूला किंवा दिल्लीला असेल तर कुरिअर, म्हणजे चार-पाच दिवस नुसते वाटेत. स्कॅन केल्यावर काच आपल्याकडेच राहते आणि तिचं चित्र जातं. पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून डोक्यात ठेवा, लांबच्या तज्ज्ञाच्या हातात काच नसते, त्यामुळे जे स्कॅनरने पकडलं नाही ते त्यांच्यासाठी अस्तित्वातच नाही. मायक्रोस्कोपवर बसलेला माणूस काच उचलून उजेडात धरून बघू शकतो, फोकस पुढेमागे करू शकतो. स्क्रीनवर बसलेल्या माणसाला ते जमत नाही, ते त्यांच्या वतीने आपल्याला करायचं असतं.

हे सगळं एका केसवर समजावतो. नंबर, वय वगैरे ओळख पटेल असं काही खरं ठेवलेलं नाही. नवी मुंबईतल्या एका लॅबकडून आलेली, पन्नाशीतल्या बाईंची स्तनाच्या गाठीची कोअर बायोप्सी. सुईने काढलेले चार बारीक तुकडे, प्रत्येकी साधारण दीड सेंटीमीटर लांब. कॅन्सर आहे यात शंका नव्हती, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. घोळ होता तो केआय-६७ चा. गाठीतल्या किती टक्के पेशी वाढीच्या चक्रात आहेत हे तो डाग सांगतो, त्या पेशींचं केंद्रक तपकिरी होतं आणि बाकीच्यांचं निळं राहतं. एका डॉक्टरांनी नजरेने २० टक्के म्हटलं, दुसऱ्यांनी ३५. या प्रकारच्या गाठीत ५ किंवा त्याखालचा आकडा आणि ३० किंवा त्यावरचा आकडा यांनाच भरवसा ठेवण्यासारखा अर्थ आहे असं या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलंय, मधल्या पट्ट्यात माणसामाणसाप्रमाणे आकडा बदलतो. आणि इथं तर एक मत ३० च्या खाली, दुसरं वर, आणि केमो द्यायची की नाही हे ठरवताना कॅन्सरचे डॉक्टर या आकड्याकडे बघणार होते. म्हणून लॅबच्या मॅडमनी ठरवलं की बंगळुरूच्या एका ब्रेस्ट पॅथॉलॉजीच्या सरांना दाखवायचं.

काच आधी, स्कॅनर नंतर

स्कॅनर चांगला असला की चित्र चांगलं येतं असं नवीन लोकांना वाटतं. माझा अनुभव असा की खराब स्कॅनमागे बहुतेक वेळा खराब काच असते. कारण सोपं आहे. कट जाडीला ३ ते ४ मायक्रॉन असतो, आणि स्कॅनरच्या लेन्सला एका वेळी साधारण एक मायक्रॉनच्या आसपासचाच थर स्पष्ट दिसतो. म्हणजे कटात घडी पडली की तिथं टिश्यू दुप्पट जाड, घडीवर फोकस बसला तर बाजूचं धूसर आणि बाजूला बसला तर घडी धूसर. मायक्रोटोमवर कट घेतानाच आणि वॉटर बाथमधून काचेवर उचलतानाच घडी टाळायची, नंतर त्यावर इलाज नाही, नवा कट घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट कव्हरस्लिपवरची धूळ आणि बोटांचे ठसे. कव्हरस्लिप ०.१७ मिलीमीटर जाड असते, म्हणजे वरची धूळ टिश्यूपासून १७० मायक्रॉन वर बसलेली असते, आणि स्कॅनरला बिचाऱ्याला कळत नाही की धूळ कुठली आणि टिश्यू कुठला, त्याला जिथं स्पष्ट कडा दिसते तिथं तो फोकस लावतो. फिकट टिश्यूवर धुळीचा एक कण बसला असेल तर तो कणच सुंदर स्पष्ट येतो आणि खालचा टिश्यू नुसता गुलाबी धुरकट ढग. म्हणून प्रत्येक काच लिंट न सोडणाऱ्या कपड्याने स्पिरिट लावून पुसायची, दोन्ही बाजूंनी. डॉक्टरांनी मार्करने केलेले ठिपके असतील तर तेही पुसायचे, पण पुसायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवायचा, ते ठिपके त्यांनी काहीतरी बघूनच दिलेले असतात.

डीपीएक्स ओला असताना काच मशीनमध्ये घालू नका. कव्हरस्लिप सरकते, रॅकला चिकटते, आणि कडेबाहेर आलेली कव्हरस्लिप आत अडकली तर सगळी बॅच थांबते. आम्ही रात्रभर आडवी वाळवतो. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात अजून एक त्रास, उघड्या राहिलेल्या ॲब्सोल्यूट अल्कोहोलमध्ये हवेतलं पाणी शिरतं, मग टिश्यूतलं पाणी पूर्ण निघत नाही, झायलीन दुधासारखं पांढुरकं दिसायला लागतं आणि माउंट केलेली काच धुकं पडल्यासारखी दिसते. जून ते सप्टेंबर अल्कोहोल लवकर बदला आणि जारची झाकणं लावा, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

२० की ४०, आणि फाइल एवढी मोठी का

स्कॅन करताना पहिला प्रश्न मोठेपणाचा. २० एक्सला चित्रातला एक पिक्सेल म्हणजे काचेवरचा साधारण अर्धा मायक्रॉन, ४० एक्सला पाव मायक्रॉन. आमच्या केसमध्ये चार तुकडे शेजारी शेजारी झोपवलेले होते, ते सगळे घेणारी चौकट १८ बाय १२ मिलीमीटरची. ४० एक्सला हे झालं ७२,००० बाय ४८,००० पिक्सेल, म्हणजे जवळजवळ ३४५ कोटी. प्रत्येक पिक्सेलला तीन बाइट धरले तर कच्चं चित्र दहा जीबीच्या वर जातं. स्कॅनर ते जेपेगने दाबतो म्हणून फाइल पाचशे-सातशे एमबीवर येते. २० एक्सला पिक्सेल बरोबर चौथा हिस्सा.

मग कधी काय? नुसती रचना बघायची असेल, गाठ कुठवर पसरलीय, कडा मोकळी आहे का, तर २० पुरतं. पण केंद्रकाच्या आतलं बघायचं असेल, विभाजन होणाऱ्या पेशी मोजायच्या असतील किंवा जिवाणू शोधायचे असतील तर ४० घ्या. दुसऱ्याचं मत मागताना आम्ही नेहमी ४० नेच स्कॅन करतो, कारण सरांना मध्येच आत जाऊन बघावंसं वाटलं आणि पिक्सेलच नसतील तर परत सगळं करा. सायटॉलॉजीच्या स्मिअरचं मात्र वेगळं आहे, तिथं पेशी एकावर एक रचलेल्या असतात आणि एका थरात भागत नाही, वेगवेगळ्या उंचीवर तीन-पाच थर घ्यावे लागतात आणि फाइल तितक्या पटीने वाढते. सुरुवात करणाऱ्याने सायटॉलॉजीला लगेच हात घालू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

स्कॅन झाल्यावर पिक्सेलचा आकार फाइलमध्ये नीट लिहिला गेलाय का ते बघा. पुढे कॉम्प्युटरने पेशी मोजायच्या असतील तर हा आकडा नसला की सगळं बिघडतं, त्याला पेशी किती मायक्रॉनची हे कळायचा दुसरा मार्गच नाही. ओपनस्लाइड नावाचं मोफत टूल आहे, त्यातून असं बघता येतं:

```
openslide-show-properties B17-A1-KI67.svs | grep mpp
```

उत्तरात `openslide.mpp-x` पुढे ०.२५ च्या आसपासचा आकडा दिसला की ४० एक्स, ०.५ च्या आसपास दिसला की २० एक्स. काहीच दिसलं नाही तर पुढे जाऊ नका.

चौथा तुकडा

आता आमच्याकडून काय चुकलं ते सांगतो, कारण या सगळ्या लेखात सगळ्यात कामाची गोष्ट हीच आहे.

स्कॅनर आधी सगळ्या काचेचा एक छोटा, कमी रिझोल्यूशनचा फोटो काढतो आणि त्यावरून टिश्यू कुठं आहे ते स्वतः ओळखतो, म्हणजे पांढऱ्या पार्श्वभूमीपेक्षा जे गडद ते टिश्यू. तेवढ्याच भागावर मग तो फोकस बिंदू टाकतो आणि तेवढंच स्कॅन करतो, वेळ वाचतो. आता स्तनाच्या बायोप्सीत चरबी असते. प्रोसेसिंगमध्ये झायलीनने ती चरबी विरघळून जाते आणि काचेवर उरतात त्या पेशींच्या नुसत्या बारीक भिंती, जाळीसारख्या. फोटोत त्या जवळजवळ पांढऱ्याच दिसतात. केआय-६७ च्या काचेवर तर अजून कठीण, तिथं इओसिनचा गुलाबी रंगही नसतो, फक्त फिकट निळा.

आम्ही एच अँड ई ची आणि केआय-६७ ची अशा दोन्ही काचा ऑटोमॅटिकवर लावल्या, स्कॅन झाला, चित्र स्वच्छ आलं, मी पाठवून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांचा मॅडमना फोन. "मॅडम, ग्रॉसमध्ये चार कोअर लिहिलेत, मला स्क्रीनवर तीनच दिसतायत. चौथा कुठाय?" मॅडमनी मला फोन केला, मी काच उजेडात धरली, आणि चौथा तुकडा होता की, अगदी फिकट, काचेच्या खालच्या कडेला. स्कॅनरने त्याला पार्श्वभूमी समजून सोडून दिलं होतं. मला खरंच वाईट वाटलं. तुकडा चरबीचा होता तरी नुसती चरबी नव्हती, एका टोकाला चरबीच्या पेशींच्या मधून गाठीच्या पेशींची एक बारीक ओळ गेलेली होती.

यावर उपाय दोन. पहिला मशीनचा, टिश्यू ओळखायची सेन्सिटिव्हिटी वाढवायची, किंवा सरळ हाताने चौकट ओढायची आणि फिकट तुकड्यावर दोन-तीन फोकस बिंदू स्वतः टाकायचे, कारण ऑटोफोकसलाही फिकट जाळीवर पकड मिळत नाही. स्तन, लायपोमा, मेदयुक्त लिम्फ नोड असलं की आम्ही आता ऑटोमॅटिकवर सोडतच नाही. दुसरा उपाय रजिस्टरचा. आमच्या रजिस्टरमध्ये तीन आकडे लिहायचे असतात, ग्रॉसमध्ये किती तुकडे, काच उजेडात धरून किती, स्क्रीनवर किती. तिन्ही जुळले तरच फाइल पुढे जाते. या तपासणीला अर्धा मिनिटही लागत नाही. कधी ग्रॉसमध्ये चार आणि काचेवर तीन असं येतं, तेव्हा प्रश्न स्कॅनरचा नसतो, ब्लॉकमध्ये अजून खोल जाऊन कट घ्यायचा असतो.

तुकडे जुळले की मग फोकस तपासायचा. पूर्ण चित्र बघून धूसरपणा कळत नाही, लहान केल्यावर सगळंच स्पष्ट दिसतं. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पूर्ण झूम करा आणि केंद्रकाची कड बघा. कड पेन्सिलने ओढल्यासारखी दिसली पाहिजे आणि आतलं क्रोमॅटिन दाणेदार. कापसासारखं दिसलं तर परत स्कॅन. धूसर भाग सरळ उभ्या पट्ट्यासारखा असेल तर तिथं फोकस बिंदू चुकलाय, गोल ढगासारखा असेल तर वर धूळ किंवा खाली बुडबुडा आहे, आणि सगळंच सारखं धूसर असेल तर बहुतेक काच रॅकमध्ये नीट बसलेली नाही किंवा एकावर एक दोन कव्हरस्लिप चिकटल्यात. या शेवटच्या प्रकाराने मला एकदा पूर्ण दुपार घालवायला लावली होती.

पाठवण्याआधी नाव काढा

हे फार लोकांच्या लक्षात येत नाही. स्कॅनच्या फाइलमध्ये फक्त टिश्यू नसतो, काचेच्या लेबलचा फोटोही त्याच फाइलमध्ये गुपचूप बसलेला असतो. तुम्ही फाइलचं नाव बदलून नुसता नंबर ठेवलात आणि लेबलवर पेनने पेशंटचं पूर्ण नाव लिहिलेलं असेल तर ते नाव फाइलबरोबर गेलं. क्यूपाथसारख्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून `Image` टॅबमध्ये खाली बघितलं की हे जोडचित्र सापडतं, त्यावर डबल क्लिक करा म्हणजे आत काय लिहिलंय ते दिसेल. सगळ्यात साधा मार्ग म्हणजे काचेवर नावच टाकायचं नाही, फक्त केस नंबर आणि बारकोड. बाहेरून आलेल्या काचेवर नाव असेल तर स्कॅनरच्या सेटिंगमध्ये लेबलचा फोटो सेव्ह न करण्याचा पर्याय शोधा, किंवा लेबलवर आपलं नंबरचं लेबल चिकटवा. २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झालाय, आणि कायदा नसता तरी कुणाच्या कॅन्सरचा रिपोर्ट नावासकट फिरू नये.

म्हणूनच व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट पाठवायला माझा विरोध आहे. एक तर ते कुठं कुठं फॉरवर्ड होईल सांगता येत नाही, आणि दुसरं म्हणजे स्क्रीनशॉट तुम्ही निवडलेल्या जागेचा असतो. तज्ज्ञाला जागा स्वतः निवडता आली नाही तर ते मत कसलं?

एवढी मोठी फाइल तिकडे उघडते कशी

लोकांना वाटतं की बंगळुरूच्या सरांना सातशे एमबी डाउनलोड करावे लागतात. तसं नसतं. फाइल पिरॅमिडसारखी रचलेली असते, तळाला पूर्ण मोठं चित्र, त्यावर लहान, त्यावर अजून लहान, आणि प्रत्येक मजला छोट्या छोट्या चौकोनांत कापलेला, बहुतेक वेळा २५६ बाय २५६ पिक्सेलचे. सर जिथं बघतायत तेवढेच चौकोन सर्व्हरवरून येतात. साध्या स्क्रीनवर चाळीस-पन्नास चौकोन मावतात, म्हणजे एका वेळी साधारण एक एमबी. मोबाइलवरचा नकाशा जसा झूम करताना भरत जातो तसंच हे. त्यामुळे बघणाऱ्याचं नेट साधं असलं तरी चालतं.

आपल्या बाजूला मात्र फाइल पूर्ण चढवावी लागते, आणि इथं अपलोडचा वेग बघायचा, जाहिरातीत दिसतो तो बहुतेक डाउनलोडचा असतो. ६०० एमबीच्या फाइलला २० एमबीपीएस अपलोडवर चार मिनिटं, ५ एमबीपीएसवर सोळा. दहा काचांची केस असेल तर हिशेब तुम्हीच करा. आम्ही संध्याकाळी रांगेत लावून जातो. आणि स्कॅनरला यूपीएस हवाच, मधेच लाइट गेली तर अर्धवट फाइल तयार होते जी कधीकधी उघडतेसुद्धा, फक्त खालचा भाग कोरा.

चित्राबरोबर काय जायला हवं? वय, गाठ कुठं आणि केवढी, मॅमोग्राफी-सोनोग्राफीचं म्हणणं, ग्रॉसचं पूर्ण वर्णन, टिश्यू फॉर्मॅलिनमध्ये किती तास होता, आणि कंट्रोलची काचही स्कॅन करून. स्तनाच्या बाबतीत फॉर्मॅलिनचा वेळ ६ ते ७२ तासांत हवा, त्यापेक्षा कमी-जास्त झाला तर डागावर विश्वास ठेवता येत नाही, आणि ते चित्र बघून ओळखता येत नाही, सांगावंच लागतं. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रश्न एका वाक्यात लिहा. "कृपया मत द्यावे" हा प्रश्न नाही. मॅडमनी लिहिलं होतं की दोन वाचनांत २० आणि ३५ आलंय, तुमच्या मते ३० च्या कुठल्या बाजूला, आणि का.

कॉम्प्युटरने मोजताना

इथं आम्ही क्यूपाथ वापरलं. मोफत आहे, बेलफास्टच्या क्वीन्स युनिव्हर्सिटीत सुरू झालेलं, पण ते संशोधनासाठी म्हणूनच दिलेलं आहे, त्यामुळे त्यातला आकडा म्हणजे डॉक्टरांना दिलेली मदत, रिपोर्ट नव्हे. पायऱ्या अशा: चित्र उघडताना प्रकार `Brightfield (H-DAB)` निवडायचा, म्हणजे निळा आणि तपकिरी असे दोन रंग वेगळे करायचेत हे त्याला कळतं. मग `Estimate stain vectors` ने आपल्या लॅबचा निळा-तपकिरी नेमका कसा आहे ते त्याला शिकवायचं, कारण प्रत्येक लॅबचा हिमॅटोक्सिलिन वेगळा असतो. मग गाठीच्या भागाभोवती रेघ ओढायची आणि `Positive cell detection` चालवायचं. तपकिरी केंद्रकं लाल रेघेत येतात, निळी निळ्या रेघेत.

पहिल्यांदा मी गाठीभोवती ढोबळ वर्तुळ काढलं. आकडा आला: २,१४० पेशी, त्यात ३८८ पॉझिटिव्ह, म्हणजे १८ टक्के. म्हटलं, २० वाले डॉक्टर बरोबर. मॅडम शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "थांबा, झूम करा. हे सगळे लिम्फोसाइट कुणी मोजायला सांगितले?" खरंच, त्या वर्तुळात गाठीच्या बेटांच्या मधे लिम्फोसाइट आणि स्ट्रोमाच्या साध्या पेशी खच्चून भरल्या होत्या आणि सॉफ्टवेअरने त्यांनाही पेशी म्हणून धरलं होतं. त्याला सांगितलंच नव्हतं तर ते कसं ओळखणार? मग `Train object classifier` मध्ये मॅडमनी काही जागी दाखवून दिलं की ही गाठीची पेशी, ही नाही. ८८० पेशी बाहेर गेल्या, त्यातल्या फक्त २२ पॉझिटिव्ह होत्या. उरल्या १,२६०, त्यात ३६६ पॉझिटिव्ह. २९ टक्के.

म्हणजे त्याच काचेवर, त्याच जागी, फक्त कोणत्या पेशी मोजायच्या ते बदललं म्हणून १८ चे २९ झाले. नजरेने २० आणि ३५ म्हणणाऱ्या दोन डॉक्टरांमध्ये काय झालं असेल याचाही अंदाज येतो.

पुढची पायरी मी नवीन लोकांना हमखास करायला लावतो. तपकिरी म्हणायला किती गडद हवं याचा एक उंबरठा असतो, क्यूपाथमध्ये तो आपोआप ०.२ असतो. तो ०.१५ करून बघितला तर त्याच पेशींत ३४ टक्के आले. केआय-६७ मध्ये नियम असा की फिकट असला तरी केंद्रकातला खरा तपकिरी रंग पॉझिटिव्हच धरायचा, त्यामुळे ०.२ वर आपण फिकट पेशी सोडत होतो का, की ०.१५ वर पार्श्वभूमीचा मळकटपणा धरत होतो, हे आकडा सांगत नाही. ते डोळ्यानेच बघावं लागतं. मॅडमनी ज्या पेशी दोन उंबरठ्यांच्या मधे पडत होत्या त्यातल्या पन्नासेक एकेक करून बघितल्या, बहुतेक खऱ्या होत्या. आम्ही सरांना दोन्ही आकडे, दोन्ही उंबरठे आणि रेघा ओढलेलं चित्र असं सगळं पाठवलं. एकच आकडा दशांशासकट पाठवला असता तर तो जास्त पक्का दिसला असता, पण ते खरं नसतं.

प्रोस्टेटच्या बायोप्सीत संशयास्पद जागा दाखवणारं एक सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एफडीएने २०२१ मध्ये मंजूर केलंय. तिथंही पद्धत हीच, डॉक्टर आधी स्वतः बघतात, मग सॉफ्टवेअर म्हणतं की इथं परत एकदा बघा, आणि निर्णय डॉक्टरांचा.

सरांचं उत्तर आणि त्याच्या मर्यादा

चौथ्या तुकड्यासकट नवा स्कॅन सोमवारी संध्याकाळी गेला, बुधवारी दुपारी उत्तर आलं. सरांनी लिहिलं की एका तुकड्यात दाट भाग आहे आणि बाकी ठिकाणी कमी, सगळे तुकडे धरून त्यांचं वाचन ३० च्या थोडं वर, पण सीमेवरचं, आणि या एका आकड्यावर केमोचा निर्णय टांगू नये, ऑपरेशननंतरच्या मोठ्या तुकड्यावर परत करावं किंवा जीन टेस्टचा विचार व्हावा. मॅडमनी ते मत आपल्या रिपोर्टमध्ये वेगळ्या परिच्छेदात, कोणत्या काचांचा स्कॅन बघून दिलंय ते लिहून घातलं. रिपोर्टवर सही मॅडमचीच.

सरांनी त्या पत्रात अजून एक डाग सुचवला होता, त्या बारीक ओळीत जाणाऱ्या पेशींसाठी, ई-कॅडहेरिन. आता हा डाग स्क्रीनवर करता येत नाही, त्याला ब्लॉक लागतो. म्हणून ब्लॉक कुठं आहे, त्यात किती टिश्यू उरलाय आणि तो डाग जवळ कुठं होतो, हे स्कॅन पाठवतानाच माहीत असायला हवं. आमचा ब्लॉक मॅडमच्या लॅबमध्ये होता, डाग झाला, ती काच परत आमच्याकडे स्कॅनला आली, आणि बाईंच्या मुलाला कुठंही जावं लागलं नाही. पण टिश्यू संपलेला असता तर इथंच थांबावं लागलं असतं.

ज्यांना आपल्या लॅबमध्ये हे सुरू करायचंय त्यांनी पहिल्याच दिवशी खऱ्या केस बाहेर पाठवू नयेत. अमेरिकेच्या कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सची पद्धत साधी आहे आणि आम्ही तीच केली. जुन्या किमान ६० केस काढायच्या, त्याच डॉक्टरांनी आधी काचेवर वाचायच्या, मग किमान दोन आठवडे जाऊ द्यायचे म्हणजे उत्तर आठवत नाही, आणि मग त्याच केस स्क्रीनवर वाचायच्या. ९५ टक्क्यांपेक्षा कमी जुळलं तर कारण शोधायचं. यासाठी केस निवडताना सोप्या सोप्या घेऊ नका, आपल्याकडे रोज येतात तशा घ्या, त्यात स्तनाच्या चरबीवाल्या कोअर, एंडोस्कोपीचे तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान तुकडे, आणि जास्त रंगलेल्या जुन्या काचाही घ्या. आमच्याकडे न जुळलेल्या केस परत मायक्रोस्कोपवर आणि स्क्रीनवर शेजारी ठेवून बघितल्या तेव्हा एक केस खरोखर डॉक्टरांच्या मताची निघाली, आणि दोन ठिकाणी टिश्यूची कड चौकटीबाहेर राहिली होती.